एज्युकेशन चेक ‘पेंडिंग’ का राहतो?

“ऑफर लेटर मिळून महिना होत आला. बाकी सगळं क्लिअर झालं, पण एज्युकेशन चेक अजून ‘पेंडिंग’च आहे. माझी पदवी खरी आहे. फक्त शेवटच्या वर्षी एक विषय राहिला होता, तो नंतर काढला. त्यामुळे नोकरी जाईल का?”

भरतीच्या अटींत ‘बॅकलॉग चालणार नाही’ असं लिहिलेलं नसेल, तर विषय राहिला होता एवढ्यावरून सहसा नोकरी जात नाही. त्या विषयामुळे फॉर्ममध्ये काय भरलं गेलं, ते मात्र लगेच तपासा. माझ्याकडे आलेल्या एका बी.कॉम. झालेल्या मुलीचं गाडं नेमकं तिथंच अडलं होतं.

तिचं तिसरं वर्ष २०२२ मध्ये संपलं. पाचव्या सत्राचा एक विषय राहिला, तो तिनं एप्रिल २०२३ च्या परीक्षेत काढला. कंपनीच्या वतीनं उमेदवारांचं शिक्षण पडताळणाऱ्या एजन्सीच्या फॉर्ममध्ये ‘उत्तीर्ण वर्ष’ म्हणून तिनं २०२२ लिहिलं, कारण वर्गातले सगळे त्याच वर्षी पास झाले होते. सोबत जोडली ती सहाव्या सत्राची २०२२ ची गुणपत्रिका. आसन क्रमांकही त्याच परीक्षेचा दिला.

आता एजन्सीकडे काय घडतं ते पाहा. तुमची कागदपत्रं आणि तुम्ही सही केलेलं संमतीपत्र एजन्सी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवते आणि ठरलेलं शुल्क भरते. विभागातला कर्मचारी नोंदीशी ताडून पाहतो: नाव, पीआरएन किंवा आसन क्रमांक, अभ्यासक्रम, उत्तीर्ण वर्ष, श्रेणी. पदवी विद्यापीठाची असते, म्हणून कॉलेजनं फोनवर दिलेला होकार बऱ्याच कंपन्यांना चालत नाही. तुम्ही स्वतः जाऊन आणलेलं पत्रही एजन्सी सहसा धरत नाही. उत्तर विद्यापीठाकडून थेट तिच्याकडे यावं लागतं. ‘पेंडिंग’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की हे उत्तर अजून आलेलं नाही.

या मुलीच्या बाबतीत मात्र त्याआधीच एक गोष्ट बिघडली होती. जोडलेल्या गुणपत्रिकेवर निकाल ‘उत्तीर्ण’ नव्हता, म्हणून एजन्सीनं ‘इन्सफिशियन्सी’ काढली, म्हणजे कागद अपुरे असल्याचं कळवलं. तो ईमेल तिच्या स्पॅममध्ये पडून राहिला. उमेदवाराकडून कागद येईपर्यंत एजन्सी आपली मुदत थांबवून ठेवते, त्यामुळे पुढचं कामही थांबलं. ती समजत होती, विद्यापीठ उशीर करतंय. प्रत्यक्षात फाईल विद्यापीठात पोचलीच नव्हती. म्हणून आज आधी स्पॅम आणि एजन्सीच्या पोर्टलवरचं तुमचं खातं उघडून पाहा.

तिनं मग एप्रिल २०२३ ची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र पाठवलं. आसन क्रमांक दर परीक्षेला बदलतो, पीआरएन तोच राहतो; म्हणून शेवटच्या परीक्षेचा आसन क्रमांक आणि पीआरएन दोन्ही द्यायला मी सांगितलं. स्कॅन सपाट आणि पूर्ण पानाचा हवा. मोबाईलवर घाईत काढलेल्या फोटोत कोपऱ्यातला नंबर कापला जातो आणि त्यावरून पुन्हा कागद मागवले जातात.

उरला वर्षाचा फरक. विद्यापीठाकडून २०२३ येणार आणि फॉर्मवर २०२२ असणार, म्हणजे अहवालात तफावत दिसणारच. अहवाल येईपर्यंत गप्प बसू नकोस, असं मी तिला सांगितलं. तिनं एचआर आणि एजन्सी दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहिलं: “माझा अभ्यासक्रम २०२२ मध्ये संपला. पाचव्या सत्राचा एक विषय मी एप्रिल २०२३ च्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. फॉर्ममध्ये उत्तीर्ण वर्ष २०२३ असं दुरुस्त करावं. दोन्ही गुणपत्रिका जोडल्या आहेत.” बस, इतकंच. रेझ्युमेतही तिनं वर्ष बदललं, कारण काही कंपन्या तोही पडताळून पाहतात. एचआरनं खुलासा मान्य केला आणि ती रुजू झाली.

पदवी खोटी असणं आणि वर्ष चुकीचं लिहिलं जाणं यांत एचआर फरक करतं. पण चुकलेलं वर्ष तसंच ठेवून ‘कळणार नाही’ म्हणत बसलात, तर तीच गोष्ट लपवाछपवी ठरते.

तुमचे कागद पूर्ण असतील आणि फाईल खरंच विद्यापीठात असेल, तर एजन्सीकडून अर्ज पाठवल्याची तारीख आणि मिळाला असल्यास आवक क्रमांक मागून घ्या. तो क्रमांक सांगितला तर परीक्षा विभागाला तुमचा कागद शोधता येतो. नुसतं नाव सांगून फारसं काही हाती लागत नाही. ‘लवकर करून देतो’ म्हणून कुणी वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले तर देऊ नका. डिजीलॉकरमध्येही बघा. विद्यापीठानं तुमची पदवी तिथं चढवली असेल तर तिची प्रत एचआरला पाठवा. सगळ्याच कंपन्या ती अंतिम पुरावा मानत नाहीत, पण विद्यापीठाचं उत्तर येईपर्यंत हमीपत्र घेऊन रुजू करून घ्याल का, हे त्या प्रतीच्या आधारानं विचारता येतं.