जत्रेच्या मैदानात नमुना कोणी घेत नाही

प्रश्न : मुलगा सांगलीत तालमीत आहे. बरोबरीची काही मुले लढतीआधी इंजेक्शन घेतात म्हणतो. सगळेच घेत असतील तर न घेणाऱ्याने काय करायचे?

उत्तर : ते बहुधा मेफेंटरमिन असावे. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणण्याचे हे औषध आपल्याकडे तालमींत आणि पोलीस भरतीच्या मैदानांवर पोहोचले आहे. त्याने ताकद वाढत नाही. शरीरात साठलेले नॉरॲड्रेनॅलिन बाहेर पडून थकव्याची जाणीव काही काळ दबते, आणि एक जण चितपट होईपर्यंत चालणाऱ्या निकाली कुस्तीत दमावरच सारे ठरत असल्याने तेवढे पुरते.

2011 च्या चैत्रात तासगाव तालुक्यातील एका जत्रेत माझी जोड एका ओळखीच्या मल्लाशी लागली. आधी दोनदा लढलो असल्याने त्याचा दम दहा मिनिटांचा आहे, हे मला ठाऊक होते आणि मी त्याच हिशेबाने त्याला खेळवत राहिलो. पंधरावे मिनिट उलटले तरी तो ढिला पडेना. तोंडाला कोरड पडलेली, बोटे थरथरत होती आणि भर उन्हात त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. बाविसाव्या मिनिटाला त्याने घिस्सा मारून मला चितपट केले. राहुटीमागे रिकामी कुपी पडलेली मी पाहिली.

त्या रात्री थोरले बंधू म्हणाले, "सगळेच घेतात, मग बरोबरीच झाली की." बरोबरी मुळीच होत नाही. वारंवार घेतल्यास शरीरातला साठा आटतो, तेवढ्याच मात्रेचा गुण येईनासा होतो, मात्रा वाढत जाते आणि शेवटी कुस्ती कोणाचे हृदय अधिक सोसते यावर येते. शिवाय हे द्रव्य स्पर्धाकाळात बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत असले, तरी नमुने घेतले जातात ते वरच्या स्पर्धांत. खुराकाचा खर्च ज्या इनामावर चालतो, ते जत्रेतच मिळते; त्यामुळे न घेणारा मल्ल तपासणीच्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधीच गळालेला असतो.

तुमच्या मुलाने घेऊ नये, आणि आपला खुराक दुसऱ्याच्या हाती देऊ नये. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादव यांनी 2016 मध्ये आपल्या अन्नात कोणीतरी द्रव्य मिसळल्याचे सांगितले. देशातील उत्तेजकविरोधी संस्था नाडाने ते मानले, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाला मात्र ते पटले नाही आणि चार वर्षांची बंदी आली. नमुन्यात जे सापडते त्याचा जाब खेळाडूलाच द्यावा लागतो.

ती कुपी त्याच मल्लाची होती, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी हट्टापायी हरलो, असे बंधू अजूनही म्हणतात. पण तशी कुपी केवढ्याला मिळते, हे त्या रात्री त्यांनी न विचारताच सांगितले होते.