कोळंबीचा काळा दोरा काढायचा की नाही?

प्रश्न: कोळंबीच्या पाठीवर काळी शीर का असते? ती काढलीच पाहिजे का? पहिल्यांदाच घरी कोळंबी आणली आहे, साफ कशी करायची तेही सांगा.

शीर म्हणतात, पण ते कोळंबीचं आतडं आहे. रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. कोळंबीचं रक्त लाल नसतंच. ते जवळजवळ पाण्यासारखं, फार तर फिकट निळसर असतं. आपण जिला मुंडी म्हणतो तिच्यातच कोळंबीचं पोट असतं. तिथून एक बारीक नळी पाठीच्या मांसातून सरळ शेपटीपर्यंत जाते आणि शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला बाहेर उघडते. कोळंबी तळाशी फिरून चिखलातलं शेवाळ, बारीक किडे, कुजलेला पाला असं खाते. पकडली तेव्हा यातलं जे नळीत असेल, तोच तो काळा रंग.

म्हणूनच एकाच पिशवीतल्या दोन कोळंब्या सारख्या नसतात. जिचं पोट भरलेलं तिचा दोरा काळाकुट्ट, जिचं रिकामं तिचा काचेसारखा, शोधूनही सापडत नाही. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचं खाणं काढणीआधी बरेचदा बंद ठेवतात, त्यामुळे तिचा दोरा पुष्कळदा फिका असतो. फिका दोरा म्हणजे ताजी आणि काळा म्हणजे शिळी, असं मात्र समजू नका. ताजेपणा वासावरून आणि मुंडीवरून कळतो. मुंडी धडाला घट्ट असावी. ती लोंबत असेल, मुंडीकडचं मांस बोटाला पिठासारखं लागत असेल किंवा नाकाला झोंबणारा वास येत असेल, तर ती कोळंबी घेऊ नका.

आता काढायचा की नाही. कोळंबी पूर्ण शिजवणार असाल तर दोरा पोटात गेल्याने अपाय होत नाही, कारण त्यातले जंतू शिजताना मरतात. काढायचा तो तोंडासाठी. भरलेल्या आतड्यात बारीक रेती असते, ती दाताखाली कचकचते, आणि चवीला किंचित कडवटपणा येतो. माझा नियम आकारावर आहे. जवळा आणि करंदी यांचा दोरा कुणी काढत नाही, काढताही येणार नाही. त्या निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुवायच्या. करंगळीएवढ्या कोळंबीत दोरा काळा दिसला तर काढते, नाही दिसला तर सोडून देते. त्याहून मोठ्या कोळंबीचा न चुकता काढते, कारण तिथे एका घासात अख्खं आतडं येतं. पाहुणे जेवायला असतील तर मी सगळ्याच साफ करते, कचकच लागलेला एक घास सगळं कालवण बिघडवतो.

साफ करायची पद्धत गेल्या रविवारचीच सांगते. अर्धा किलो खाडीची कोळंबी आणली होती, मुंडीसकट, मोजून २४ नग. सोलून झाल्यावर मांस जेमतेम २६० ग्रॅम उरलं, तेव्हा आणताना हा हिशोब धरा. आधी एकदाच गार पाण्यातून काढून चाळणीत निथळली. सोललेली कोळंबी पाण्यात भिजत ठेवू नये, तिची गोडी पाण्यात उतरते.

एका हाताने धड धरायचं, दुसऱ्या हाताने मुंडी जराशी पिळून हळू ओढायची. मुंडी झटक्याने तोडली की दोरा आतच तुटतो. सावकाश ओढली तर कधी कधी मुंडीबरोबर तोच लांबलचक बाहेर येतो. रविवारी चोवीसांपैकी पाच कोळंब्यांचं काम असं तिथेच झालं. मग पोटाकडून पाय ओढून काढायचे, पाय निघाले की त्या बाजूने अंगठा घालून साल उलगडते. तळायची असेल तर शेपटी ठेवा, धरायला बरी पडते. कालवणात घालायची असेल तर शेवटचं पेर चिमटीत दाबून शेपटी ओढा, आतलं मांस तुटत नाही.

उरलेल्या एकोणीस टूथपिकने केल्या. कोळंबी पाठ वर करून बोटांवर वाकवायची, म्हणजे पाठ ताणली जाऊन आतला दोरा वर दिसतो. मुंडीकडून दुसरं आणि तिसरं पेर जिथे मिळतं तिथे दोऱ्याच्या खालून टूथपिक आडवं घालायचं, फार खोल नाही, दोन-तीन मिलिमीटर. मग वर उचलायचं, ओढायचं नाही. दोरा फासासारखा वर येतो. तो चिमटीत धरून आधी मुंडीच्या बाजूचा तुकडा मोकळा करायचा, मग शेपटीकडचा अलगद सोडवत न्यायचा. त्यातला एक मी बोटांत चोळून पाहिला: वर काळपट चिकट, आणि खाली अगदी भुकटीसारखी रेती. तीन कोळंब्यांचा दोरा मध्येच तुटला. तुटला तर आहे त्या भोकात उकरत बसू नका, एक पेर सोडून मागे नवीन टोचा, उरलेला तिथून निघतो.

सुरीने पाठ चिरायची पद्धतही आहे आणि बरेच जण तीच सांगतात. मला ती फक्त मोठ्या कोळंबीसाठी आवडते, जिथे मसाला आत शिरायला हवा असतो. लहान कोळंबी चिरली की शिजताना उघडते, आकसते आणि लवकर चामट होते. चिरायचीच तर चीर उथळ ठेवा, दोरा दिसला की थांबा.

दोन गोष्टींवरून घोळ होतो. कधी पाठीत जाड, हिरवट किंवा पिवळसर पट्टा दिसतो, मुंडीकडे रुंद आणि शेपटीकडे निमुळता. ती मादीची गाबोळी असते, घाण नाही. खाता येते, मी ती कालवणात तशीच जाऊ देते. आणि पोटाच्या बाजूने एक पांढुरका धागा जातो, ती तिची मज्जारज्जू. ती काढायची गरज नाही, तिच्यात अन्न नसतं.

सोलून झालं की एकदाच भरकन धुऊन निथळा, मीठ, हळद आणि थोडा कोकमाचा आगळ चोळून दहा मिनिटं ठेवा. लगेच शिजवणार नसाल तर निदान मुंड्या तरी लगेच काढा. पचनाचे रस मुंडीतच असतात, आणि कोळंबी मेल्यावर तेच मांस मऊ करायला लागतात. म्हणून कोळंबी खराब होताना आधी मुंडीकडून पिचकते. मुंड्या आणि सालं टाकू मात्र नका. चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परता, दोन कप पाणी घालून पंधरा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. रविवारी कालवणात साध्या पाण्याऐवजी हेच पाणी घातलं, आणि कोळंबी शेवटी, फक्त चार मिनिटं.