बारा वर्षं क्वालिटीत, आता डेटात: प्रोफाइलवर लिहायचं काय?

“मॅडम, बारा वर्षं क्वालिटीत काढली. वर्षभर रात्री बसून SQL आणि Power BI शिकलो. आता लिंक्डइनवर स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या तर हात अडतो. जुनं लिहिलं की क्वालिटीच्याच नोकऱ्यांचे फोन येतात, नवं लिहिलं की मलाच खोटं वाटतं. काय लिहू?”

हे गृहस्थ चाकण भागातल्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होते. वाहनांचे अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग बनवणारा कारखाना. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, गोष्ट मात्र तीच ठेवली आहे.

त्यांनी आपला मजकूर छापून आणला होता. सुरुवात अशी: ‘रिझल्ट-ओरिएंटेड, पॅशनेट डेटा एन्थुझिअ‍ॅस्ट.’ मग लहानपणापासून आकड्यांची आवड, मग शिकलेल्या बारा गोष्टींची यादी, आणि शेवटी ‘आव्हानात्मक संधीच्या शोधात’. बारा वर्षांच्या नोकरीला त्यात अर्धं वाक्य होतं. मी मजकुरावरचं त्यांचं नाव बोटाने झाकलं आणि विचारलं, “हे तुमच्या क्लासमधल्या दुसऱ्या कुणाचं म्हणून खपलं असतं का?” ते हसले. खपलं असतंच, कारण अर्ध्या वर्गाने क्लासच्या एकाच नमुन्यावरून लिहिलं होतं.

मग मी कागद बाजूला ठेवायला सांगितला. मजकूर लिहून घेण्याआधी मी नेहमी एक प्रसंग विचारते: ज्यात उत्तर कुणालाच माहीत नव्हतं आणि तुम्ही आकडे पाहून ते शोधलंत. “असं काही विशेष नाही,” हे पहिलं उत्तर ठरलेलं असतं. चहा येईपर्यंत थांबले, तेव्हा ते बोलायला लागले.

एका कास्टिंगचे नग गळती चाचणीत नापास होत होते. प्रमाण दीडेक टक्क्यावरून चारच्या वर गेलं होतं. कारखान्यातलं सर्वमान्य मत असं, की तिसऱ्या पाळीतली पोरं झोपा काढतात. यांनी चार महिन्यांची रिजेक्शनची रजिस्टरं एक्सेलमध्ये चढवली आणि पाळीप्रमाणे, मशीनप्रमाणे, डायच्या म्हणजे धातू ओतायच्या साच्याच्या कॅव्हिटीप्रमाणे, म्हणजे त्यातल्या पोकळीप्रमाणे, पिव्होट लावून पाहिली. तिसरी पाळी खरोखरच वाईट दिसत होती. मग त्यांनी आणखी एक रकाना जोडला, जो रजिस्टरात नव्हता: नग निघाला तेव्हा मशीन बंद पडून सुरू झाल्याला किती वेळ झाला होता. तो दुसऱ्या वहीतून, मशीन थांबल्याच्या नोंदींवरून काढावा लागला. आणि चित्र बदललं. मशीन थांबली की डाय थंड होते, आणि थंड डायमधले पहिले काही नग नीट भरत नाहीत. ते टाकून द्यायचे असतात, पण टाकले जात नव्हते. तिसऱ्या पाळीत माणसं कमी असल्यामुळे मशीन जास्त वेळा थांबत होती, एवढाच पाळीचा दोष. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबलेल्या मशीनचे पहिले पाच नग बाजूला काढायचे, असा नियम झाला. तीन महिन्यांत रिजेक्शन पुन्हा दीड टक्क्याजवळ आलं.

“हे तुमच्या मजकुरात का नाही?” मी विचारलं.

“ते तर क्वालिटीचं काम झालं ना, मॅडम!”

काम बदलू पाहणाऱ्यांची गाठ बहुतेक वेळा इथेच बसलेली असते. ते जुन्या कामाला पदाच्या नावाने ओळखतात आणि नव्या कामाला साधनांच्या नावाने. त्यामुळे एका बाजूला ‘क्वालिटी इंजिनिअर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘SQL’, आणि मधे काहीच नाही, असं त्यांना वाटतं. पण दोन वह्यांतल्या नोंदी एकमेकींना जोडणं हे SQL मध्ये ‘जॉइन’ या नावाने शिकवतात. यांनी ते क्लास लावण्याच्या चार वर्षं आधी हाताने केलं होतं.

पुढचा प्रश्न वाचणारा कोण, हा होता. आयटी कंपनीतल्या अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी त्यांची स्पर्धा त्या पदावर चार-पाच वर्षं काढलेल्यांशी झाली असती, आणि वर्षांची चाळणी लागली की कितीही चांगला मजकूर उघडलाच जात नाही. उत्पादन कंपनीतल्या डेटाच्या जागेसाठी मात्र कॅव्हिटी म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस दुर्मीळ. आम्ही दुसरी दिशा धरली. त्यांना ती थोडी कमीपणाची वाटली, आयटीचं आकर्षण होतंच. मी आग्रह धरला, हे मान्य करते.

मग लिहायला बसलो. लिंक्डइनवरच्या या भागाचं नाव About. त्यात २,६०० अक्षरं मावतात, पण पान उघडल्यावर पहिल्या दोन-चार ओळीच दिसतात, बाकीचं वाचायला दाबावं लागतं. म्हणून आवडीनिवडी आणि विशेषणांनी सुरुवात केली तर तीच तेवढी दिसतात. मी त्यांना आधी मराठीत बोलून दाखवायला लावलं आणि मग इंग्रजीत उतरवायला सांगितलं. थेट इंग्रजीत बसलं की पुन्हा ‘रिझल्ट-ओरिएंटेड’ येतं. मराठीत तयार झालेला आशय असा:

“रिजेक्शन का होतं हे नोंदींमधून शोधून काढणं, हे माझं बारा वर्षांचं काम. एका कास्टिंगच्या गळतीचा दोष सगळे तिसऱ्या पाळीला देत होते. चार महिन्यांच्या नोंदी मशीन थांबल्याच्या वेळांशी जोडून पाहिल्यावर दोष पाळीचा नाही, थंड डायचा निघाला. प्रॉडक्शनने त्यावर नियम केला आणि तीन महिन्यांत रिजेक्शन निम्म्याहून खाली आलं.

तेव्हा हे एक्सेलमध्ये केलं. गेल्या वर्षात SQL आणि Power BI शिकलो आणि तेच विश्लेषण काल्पनिक आकड्यांवर पुन्हा उभं केलं आहे, ते खाली पाहता येईल. Python शिकतो आहे, अजून कामात वापरलेलं नाही.

क्वालिटी, प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सच्या नोंदी एकत्र लावून पाहण्याचं काम मला करायचं आहे. उत्पादन कंपन्यांमध्ये असं काम करणाऱ्यांशी बोलायला आवडेल.”

यातल्या काही जागांवर आम्ही बराच वेळ घालवला. त्यांना टक्के लिहायचे होते, मी अडवलं. खरे टक्के, ग्राहकाचं नाव, भागाचं नाव ही कंपनीची माहिती, आणि त्यांच्या नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम होतं. ‘निम्म्याहून खाली’ एवढ्याने काम भागतं. कंपनीचा डॅशबोर्ड तर मुळीच दाखवायचा नाही. म्हणून त्यांनी त्याच धाटणीचे खोटे आकडे तयार करून डॅशबोर्ड बनवला आणि पानावरच्या Featured भागात लावला. तिथे आधी क्लासमधलं टायटॅनिकच्या प्रवाशांचं विश्लेषण होतं. ते शिकायला चांगलं आहे, पण भरती करणाऱ्याने ते इतक्यांदा पाहिलेलं असतं, की बोट बुडाली हे सोडून त्याच्या काही लक्षात राहत नाही.

‘प्रॉडक्शनने नियम केला’ हे वाक्य त्यांना खटकलं, श्रेय वाटून टाकल्यासारखं. मी त्यांना एवढंच विचारलं, की ही ओळ तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरने वाचली तर त्यांच्या कपाळावर आठी पडेल का? शोध यांचा होता, बदल दुसऱ्यांनी केला होता. तसंच लिहिलं. मुलाखतीत यावर खोदून विचारतात, आणि तिथे फुगवलेला भाग पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

शेवटची ओळ मुद्दाम मोघम आहे. ते नोकरीत होते आणि About हा भाग त्यांच्या एचआरलाही दिसतो. ‘नोकरी शोधतो आहे’ हे तिथे लिहायचं नाही. त्यासाठी Open to work ही वेगळी सोय आहे, आणि तीत फक्त भरती करणाऱ्यांना दिसावं असं निवडता येतं. तुमच्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण हमी देत नाही, हेही त्यांना सांगितलं. विचार करून त्यांनी ते सुरू केलं. फोटोभोवतीचं हिरवं कडं सगळ्यांना दिसतं, ते लावलं नाही.

नोकरी का बदलतोय, हे त्यांनी पहिल्या मसुद्यात सहा ओळींत लिहिलं होतं: पाळ्या, वरिष्ठांचं राजकारण, वाढ नाही. ते सगळं गेलं. काय करायचं आहे हे कळलं की कारण वाचणाऱ्याला आपोआप समजतं.

मजकूर झाल्यावर मी एक परीक्षा घेते. ज्याला या क्षेत्रातलं काही कळत नाही अशा माणसाला पान दाखवायचं, अर्ध्या मिनिटाने बंद करायचं आणि विचारायचं, या माणसाला काय काम हवंय? त्यांनी मेव्हण्याला दाखवलं. मेव्हणा म्हणाला, “क्वालिटी मॅनेजरचं.” गृहस्थ निराश होऊन फोनवर आले. पण चूक About मध्ये नव्हतीच. नावाखालची ओळ, जिला Headline म्हणतात, ती अजून ‘सिनिअर क्वालिटी इंजिनिअर’ आणि कंपनीचं नाव अशीच होती. शोधात, कमेंटखाली, ओळखीच्या विनंतीत, सगळीकडे नावासोबत तीच ओळ फिरते आणि About मागे राहतो. त्यांनी ती बदलून थेट ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ केली, मी परत घ्यायला लावली. खालच्या अनुभवाच्या यादीत ते पद कुठेच नाही, मग पहिल्याच फोनवर ‘किती वर्षं अ‍ॅनालिस्ट आहात?’ हा प्रश्न येणार. ‘अ‍ॅस्पायरिंग डेटा अ‍ॅनालिस्ट’ हेही मला आवडत नाही, त्याने बारा वर्षांचा माणूस फ्रेशरच्या पगारात मोजला जातो. शेवटी ठरलं: ‘क्वालिटी इंजिनिअर | उत्पादनातल्या डेटाचं विश्लेषण | SQL, Power BI, Minitab’. Minitab हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर ते आठ वर्षं वापरत होते आणि लिहायचं विसरले होते.

पुढच्या दोन महिन्यांत तीन फोन आले. एक पुन्हा क्वालिटीचाच. दुसऱ्यांना रोजच्या कामात वापरलेलं Python हवं होतं. मजकुरात ते नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं, तरी त्यांनी न वाचता फोन केला होता. तिसरा एका पंप बनवणाऱ्या कंपनीचा होता. मुलाखतीहून ते थेट माझ्याकडे आले. प्लांट हेडनी SQL चा विषय शेवटच्या दहा मिनिटांत काढला म्हणे. त्याआधीची वीस मिनिटं ते एकच विचारत राहिले, की मशीन थांबल्याच्या वेळा दुसऱ्या वहीत असतील हे तुमच्या डोक्यात आलं कसं.