अंधुक नंबरप्लेट एआयने वाचता येते का?

सांगलीत विश्रामबागला माझ्या स्कूटीला ठोकून एक कार पळाली. सीसीटीव्हीतली नंबरप्लेट अंधुक आहे. एआय ॲपने फोटो मोठा केला तर खरा नंबर दिसेल का?

नंबर दिसेल, पण तो खरा असेलच असं नाही. समजा, फुटेजमध्ये प्लेट ३० पिक्सेल रुंद आहे. त्यावर दहा अक्षरं-आकडे, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम ३ पिक्सेल. एवढ्यात ३, ८ आणि बी यांचा जवळजवळ सारखाच करडा ठिपका होतो. त्यांना वेगळं करणारी रेघ कॅमेऱ्यातच सरासरीत मिसळून गेली, ती फाईलमध्ये नाहीच.

साधं झूम शेजारच्या पिक्सेलांमधले रंग भरतं, म्हणून चित्र मऊ दिसतं. एआय मॉडेल मोठे फोटो आणि त्यांच्याच लहान केलेल्या प्रती पाहून शिकलेलं असतं. अशा ठिपक्यामागे बहुधा काय असतं, ते मॉडेल रेखाटतं, तेही ठसठशीत. खरी फसगत इथेच होते.

पडताळून बघा: ॲपने ८ दाखवला, तर तिथे ३ काढून चित्र पुन्हा ३० पिक्सेलचं करा. दोन्हींत फरक सापडणं मुश्कील.

त्यापेक्षा मूळ व्हिडिओच पोलिसांना द्या, व्हॉट्सॲपवरून आलेला नको. गाडी सरकताना प्रत्येक फ्रेममध्ये प्लेट किंचित वेगळ्या जागी पडते. त्या जुळवल्या तर थोडी खरी माहिती वाढते.