इटालियन बॅगांच्या वर्णनात चामड्याचा प्रकार कसा लिहावा?

प्रश्न: मी लातूरहून एका ऑनलाइन दुकानासाठी इटालियन वर्णनं मराठीत करतो. 'पेल्ले' दिसलं की 'अस्सल चामडं' लिहिलं तर चालेल का?

उत्तर: नाही, आधी त्याच्या आगेमागे काय आहे ते वाचा. 'पिएनो फिओरे' असेल तर कातड्याचा वरचा, न घासलेला थर. त्यावर रंध्रं आणि जनावराच्या अंगावरचे व्रण दिसू शकतात. 'क्रोस्ता' म्हणजे कातडं आडवं चिरल्यावर उरणारा खालचा थर. तोही चामडंच आहे, पण कमी मजबूत असतो, म्हणून त्यावर बहुधा लेप आणि छाप देतात. 'एकोपेल्ले' बोलीभाषेत रेक्झिनला म्हणतात, पण उद्योगाच्या मानकात तोच शब्द पर्यावरणाची काळजी घेऊन कमावलेल्या खऱ्या चामड्यासाठी आहे. इथे अंदाज नको. घटकांच्या ओळीत 'पोलिउरेतानो' एकटंच असेल तर कृत्रिम लिहा, आणि ओळच नसेल तर दुकानदाराला विचारा.

समजा ओळ अशी आहे: 'बोर्सा इन क्रोस्ता दी व्हितेल्लो, स्ताम्पा साफियानो, फोदेरा इन कोतोने'. मी लिहीन: 'वासराच्या कातड्याच्या खालच्या थराची बॅग, वर तिरप्या बारीक रेषांचा साफियानो छाप, आत सुती अस्तर.' 'वासराच्या' हा शब्द गाळू नका. आपल्याकडे अनेक घरांत गाई-वासराचं चामडं वापरत नाहीत, आणि हे गिऱ्हाइकाला खरेदीआधीच कळायला हवं. 'साफियानो' इथे फक्त छापाचं नाव आहे, चामड्याच्या दर्जाचं नाही.