आधी नोंद, मग साइन आउट

प्रश्न: वकीलसाहेब, दीड वर्षापूर्वी माझा जुना फोन मी धंद्यातल्या भागीदाराला वापरायला दिला. आता आमचं फाटलंय. परवा त्याच्याकडून नोटीस आली, तिच्यात मी फक्त भावाला पाठवलेल्या मेलमधलं वाक्य जसंच्या तसं आहे. माझ्या गूगल खात्याच्या यादीत तो फोन अजून दिसतो, शिवाय एक अनोळखी विंडोज कॉम्प्युटरही. दोन्ही काढून टाकू की आधी तक्रार करू?

उत्तर: दोन्ही आजच काढा, पण काढण्याआधी त्यांची नोंद घ्या. महिन्यातून दोन-तीन जण मला हेच विचारतात, आणि बहुतेकांनी घाबरून आधी `Sign out` दाबलेलं असतं किंवा तक्रारीच्या नादात तीन महिने काहीच केलेलं नसतं.

तुमच्या प्रकरणात महत्त्वाचा आकडा 28 दिवसांचा आहे. ती यादी सध्या साइन इन असलेली आणि गेल्या 28 दिवसांत साइन इन होती अशीच उपकरणं दाखवते. भागीदाराचा फोन अजून आत आहे म्हणून दिसतो. पण त्या कॉम्प्युटरवरून कुणी आधीच साइन आउट केलं असेल, तर त्याचे दिवस केव्हाच मोजायला लागले आहेत. सुरक्षेसंबंधीच्या अलीकडच्या घडामोडीही तेवढ्याच दिवसांच्या दिसतात. पुढे कंपनीकडून नोंदी मागवायच्या तर तपास अधिकाऱ्याचं पत्र किंवा कोर्टाचा आदेश लागतो. आपली कोर्टं त्याला किती तारखा लावतात, ते मी रोज पाहतो. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच कागदात लिहा की या खात्याच्या नोंदी जपून ठेवायला कंपनीला कळवावं.

आता नोंद कशी घ्यायची ते पाहा. खात्याच्या सुरक्षा विभागात `Manage all devices` उघडा. एकेका उपकरणावर टिचकी मारा आणि नाव, ठिकाण, शेवटच्या वापराची वेळ असं सगळं दिसेल तसा स्क्रीनशॉट घ्या. एकच फोन दोन-तीनदा दिसला तर दचकू नका, एकाच उपकरणाची वेगवेगळी सत्रं तिथे सुटी दिसतात. मग कॉम्प्युटरवर जीमेल उघडून पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे `Details` दाबा. तिथे आयपी पत्ते, म्हणजे ज्या इंटरनेट जोडणीवरून खातं उघडलं तिचे क्रमांक मिळतात, आणि तपासात खरा उपयोग त्यांचाच होतो. पहिल्या यादीतलं शहर आयपीवरून काढलेला अंदाज असतो, ते चुकूही शकतं. शहर जुळलं एवढ्यावर कुणाचं नाव तक्रारीत घालू नका. तो कॉम्प्युटर तुम्हीच कधीतरी वापरलेला आणि विसरलेला नाही ना, हेही शांतपणे आठवून पाहा. शेवटी आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय `Google Takeout` उघडून तिच्यातून `Access log activity` ही खात्याच्या वापराची नोंद उतरवून घ्या. ती फाइल उघडून तिच्यात काहीही बदलू नका, आहे तशी वेगळी ठेवा.

एवढं झालं की त्याच बैठकीत दोन्ही साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आणि ईमेलही तपासा. तो नंबर भागीदाराचा असेल, तर बाकी सगळं केलेलं वाया जाईल. मात्र खात्यातून पैसे जात असतील तर नोंदीसाठी थांबू नका, सरळ साइन आउट करा.

एक गोष्ट मुळीच करू नका. तो फोन दुरून पुसण्याची सोय तुमच्या खात्यात दिसेल, तिला हात लावू नका. फोन आता त्याच्या ताब्यात आहे, त्यात त्याचाही मजकूर आहे. तो पुसलात तर पुरावा तुम्हीच नष्ट कराल आणि उलट तक्रार तुमच्यावर येईल. साइन आउटने त्या फोनची खात्याशी जोडणी तुटते, पण त्याने आधी उतरवून किंवा टिपून ठेवलेलं परत येत नाही. ते मागायचं ते नोटिशीच्या उत्तरातूनच.

तुमची कमकुवत बाजूही सांगतो. फोन तुम्ही स्वतः दिलात, खातं उघडं ठेवून दिलात. फोन रिसेट करायला दहा मिनिटं लागली असती, ती तुम्ही दिली नाहीत, आणि भागीदार आज म्हणेल की मला परवानगीच होती. फोन वापरायची परवानगी म्हणजे मेल वाचायची परवानगी नव्हे, असा युक्तिवाद मी नक्की करेन, पण तो टिकेलच असं आत्ता सांगत नाही. म्हणून साइन आउट केल्यावर लगेच त्याला लेखी कळवा की माझ्या खात्यात शिरायला तुम्हाला परवानगी नाही. त्या तारखेनंतर तो पुन्हा शिरला, तर परवानगीची सबब त्याच्या हाती उरत नाही. विंडोज कॉम्प्युटर त्याचाच निघाला तर तुमची बाजू बरीच भक्कम होईल, कारण तो तुम्ही त्याला दिलेला नव्हता.

नोटिशीवरची मुदत पाहून घ्या आणि ती मेल, नोटीस आणि आजचे स्क्रीनशॉट घेऊन त्याआधी वकिलाला भेटा.