ओपस की एएसी: टाळाचा आवाज वाचवायचा असेल तर

> आमच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ यूट्यूबवर आमच्याच चॅनलवर आहेत. फक्त आवाज उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायचाय. yt-dlp मध्ये opus पण दिसतं आणि m4a पण. ओपस घेतलं तर गाडीच्या टेपला फाइल दिसतच नाही. सगळे म्हणतात सरळ एमपी३ कर. काय करू?

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि काही वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. परभणीकडच्या आमच्या गावातल्या सप्ताहाची रेकॉर्डिंगं होती, वडील पखवाजावर. पुतण्याने मोबाइलवर घेऊन मंडळाच्या चॅनलवर टाकलेली. ती उतरवताना मी जी चूक केली ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो. yt-dlp आणि ffmpeg तुमच्याकडे आहेत असं धरून चालतो.

आधी एक गोष्ट. `yt-dlp -F` दिल्यावर येणाऱ्या यादीतला `251` म्हणजे ओपस आणि `140` म्हणजे एएसी, जे तुम्हाला m4a म्हणून दिसतं. ही एकाच आईची दोन लेकरं आहेत. तुम्ही चढवलेल्या फाइलमधून यूट्यूबने दोन्ही वेगवेगळी बनवली. एकातून दुसरं काढलेलं नाही. दोन्हीत आवाजाचा काही भाग कायमचा गेलेला आहे, फक्त गेलेला भाग वेगवेगळा आहे. म्हणून यातलं एक निवडायचं आणि जसंच्या तसं ठेवायचं. एकाचं दुसरं करायचं नाही.

मी नेमकं तेच केलं. मला गाडीसाठी `.m4a` हवं होतं, म्हणून ही आज्ञा दिली:

```
yt-dlp -x --audio-format m4a "URL"
```

वाटलं, हे यादीतलं m4a उचलेल. तसं होत नाही. `-x` आधी त्याच्या मते सगळ्यात चांगला आवाज निवडतो आणि तो बहुतेक वेळा `251`, म्हणजे ओपस असतो. मग त्या ओपसचं पुन्हा एएसी बनवतो. फाइल मिळते, नाव बरोबर असतं, वाजतेही. पण आवाज दुसऱ्यांदा कापला गेलेला असतो. बेचाळीस भजनं मी अशीच काढली. मग तालुक्याच्या एका कॉम्प्युटर सेंटरवर गेलो. तिथे म्हणाले, गाडीला एमपी३च लागतं, ३२० वर करून देतो, क्वालिटी वाढेल. पैसे घेतले आणि त्याच m4a मधून एमपी३ केले, म्हणजे तिसऱ्यांदा कापणी. चाळीस मिनिटांचं भजन ओपसमध्ये साधारण ३८ एमबी होतं, ते ३२० च्या एमपी३ मध्ये ९६ एमबी झालं. फाइल अडीचपट झाली आणि आवाजात कणभरही भर पडली नाही. जे एकदा गेलं ते मोठ्या फाइलमध्ये परत कुठून येणार?

पखवाज त्यातल्या त्यात वाचला, फटका टाळाला बसला. टाळ वाजल्यावर जो झण्ण असा लांबत जाणारा आवाज असतो, तो पाण्याखालून आल्यासारखा श्श होऊन विरतो. अभंगाच्या शेवटी लय चढते आणि वीस-पंचवीस टाळ एकदम पडतात, तिथे तर नुसता फेस ऐकू येतो. पुन्हा उतरवू म्हटलं तोवर चॅनलच्या खात्याचा पासवर्ड गेला, नंतर चॅनलही बंद झालं आणि पुतण्याचा मोबाइल फॉरमॅट झालेला. वडिलांचा हात आता त्या तीनदा कापलेल्या फाइलीतच ऐकायला मिळतो. त्या सेंटरवाल्याला एवढं जरी माहीत असतं की कापलेल्यातून पुन्हा कापू नये, तर निदान तिसरी कापणी टळली असती. असो.

आता तुमचं. पेनड्राइव्ह कशात लावणार त्यावर ठरवा. गाडीच्या टेपच्या माहितीपुस्तकात एएसी किंवा `.m4a` लिहिलं असेल तर हे:

```
yt-dlp -f 140 "URL"
```

इथे पुन्हा कापणी होत नाही, यूट्यूबची फाइल आहे तशी येते. फक्त ffmpeg बसवलेलं असू द्या. यूट्यूबचं m4a तुकड्यातुकड्यांच्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, येतं आणि ffmpeg असेल तर yt-dlp तो डबा सरळ करून देतं. नसेल तर स्क्रीनवर `writing DASH m4a` अशी सूचना येते, आणि अशी फाइल काही टेपवर वाजत नाही किंवा पुढे ढकलता येत नाही. आयफोनवाल्यांनाही मी हेच देतो.

घरी जपून ठेवायला मात्र ओपस. हे माझं मत, कानाकानात फरक असतो. पण `140` मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं असतं आणि ओपस २० पर्यंत जातं. टाळ-चिपळ्यांची धार त्या वरच्या भागातही असते.

```
yt-dlp -f 251 -x "URL"
```

`251` मुळात `.webm` डब्यात येतं. तो डबा व्हिडिओसाठी ठीक, गाण्यांसाठी गैरसोयीचा: बरेच प्लेअर त्याला व्हिडिओ समजतात आणि yt-dlp त्यात मुखपृष्ठाचं चित्रही बसवत नाही. वरच्या आज्ञेत `-x` ओपसला हात न लावता फक्त डबा बदलतो आणि `.opus` फाइल देतो. हा डबा आतून ऑगच असतो. त्यामुळे एखाद्या जुन्या प्लेअरला `.opus` दिसत नसेल तर नाव बदलून `.ogg` करून पाहा, बऱ्याचदा वाजतं. `.webm` चं नाव बदलून `.m4a` किंवा `.mp3` करणं मात्र फुकट. पाटी बदलते, आतला माल तोच राहतो. ओपस `.mp4` मध्येही कोंबता येतं, पण जुन्या टीव्हीवर मग चित्र दिसतं आणि आवाज येत नाही.

टेपला फक्त एमपी३ कळत असेल तर नाइलाज आहे. मग ओपसमधून एकदाच एमपी३ करा, ती गाडीपुरती प्रत समजा आणि ओपस पुसू नका:

```
ffmpeg -i bhajan.opus -c:a libmp3lame -q:a 2 bhajan.mp3
```

आधी काढलेल्या m4a फाइली असतील तर त्या खऱ्या की पुन्हा बनवलेल्या, हे तपासता येतं. `ffprobe bhajan.m4a` द्या आणि `Audio: aac (LC)` च्या पुढचा आकडा बघा. यूट्यूबचं `140` सहसा `44100 Hz` असतं. ओपस नेहमी `48000 Hz` वर उलगडतं, त्यामुळे त्यातून बनवलेलं एएसीही सहसा तेच दाखवतं. माझ्या बेचाळीसच्या बेचाळीस फाइलींवर 48000 आहे. दुसरी खूण वेळेची. नुसता डबा बदलायला दोन-चार सेकंद लागतात. फाइल उतरल्यावरही संगणक बराच वेळ चालत राहिला तर समजा कापणी सुरू आहे.

हे सगळं स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या रेकॉर्डिंगसाठी सांगतोय. दुसऱ्याची गाणी अशी उतरवणं यूट्यूबच्या नियमात बसत नाही, त्याबद्दल मला विचारू नका. आणि चॅनल तुमच्याच ताब्यात आहे तर आधी ज्याने शूट केलं त्याच्या मोबाइलमध्ये मूळ फाइल शोधा. ती मिळाली तर `251` आणि `140` दोन्हीपेक्षा चांगली. नाही मिळाली तर आजच `251` उतरवून दोन ठिकाणी ठेवा आणि चॅनलचा पासवर्ड मंडळातल्या आणखी एकाकडे लिहून द्या. गाडीसाठी एकच भजन काढून आधी टेपला लावून बघा. शेवटचा चढता भाग ऐका, टाळ वेगवेगळे ऐकू आले की मगच बाकीची काढा.